सगळे गुण माहीत, टोटलही माहीत, मग सेमिनारचं वेटेज प्रत्येकाचं वेगळं का निघतं?

लक्षणं अशी. पोर्टलवर चारही प्रकारांचे गुण दिसतात, खाली कोर्सची टोटल दिसते, पण त्यातल्या एका प्रकाराला किती वेटेज दिलंय ते कुठेच लिहिलेलं नसतं. मुलं कागद घेऊन बसतात, समीकरण मांडतात. एकीचं उत्तर १४.६ टक्के येतं, दुसरीचं १६.७, तिसऱ्याचं ३७.५ आणि चौथ्याचं चक्क १९९. मग समीकरणावरचा विश्वास तरी उडतो, नाहीतर "प्रत्येकाला वेगळा नियम लावलाय" अशी कुजबुज सुरू होते.

इंदूरला रामबागेत मी गणिताच्या शिकवण्या घेतो. सेमिस्टर संपत आलं की हा प्रश्न कुणी ना कुणी घेऊन येतंच. यंदा माझी भाचीच आली, आणि तिच्या मागोमाग तिच्या वर्गातले तिघं. छप्पन दुकानाला पोहे खाता खाता त्यांची यावरून चांगलीच जुंपली होती म्हणे. वर दिलेले चारही आकडे त्यांचेच आहेत. गंमत म्हणजे चौघांच्याही हिशोबात बेरीज-वजाबाकीची एकही चूक नव्हती. चारही उत्तरं एकाच वेटेजमधून निघालेली होती, ते कसं ते आता सविस्तर सांगतो.

सगळ्यात सोपी शक्यता आधी तपासून घ्या. जाहीर झालेल्या वेटेजची बेरीज १०० पेक्षा कमी असेल आणि एकच प्रकार उरला असेल, तर १०० मधून वजा केलं की झालं. घोळ होतो तो बेरीज आधीच १०० भरलेली असताना मध्येच एक प्रकार वाढवला तर. इथे तेच झालं होतं. सेमिस्टरच्या सुरुवातीला मॅडमनी सांगितलं होतं: टेस्ट ५०, असाइनमेंट ३०, प्रॅक्टिकल २०. पुढे सेमिनार आला, "त्याचेही गुण धरले जातील" अशी सूचना आली, पण किती धरणार ते सांगायचं राहून गेलं.

समीकरण कसं मांडायचं

भाचीचे टक्के असे: टेस्ट ६२, असाइनमेंट ८५, प्रॅक्टिकल ७८. सेमिनारमध्ये ५० पैकी ४६, म्हणजे ९२ टक्के. पोर्टलवरची टोटल ७५.

सेमिनार नसताच तर तिची टोटल किती झाली असती, ते आधी काढायचं. ६२ चे ५० टक्के म्हणजे ३१, ८५ चे ३० टक्के म्हणजे २५.५, ७८ चे २० टक्के म्हणजे १५.६. बेरीज ७२.१. हिला आपण जुनी सरासरी म्हणू. सेमिनारचे ९२ आल्यावर टोटल ७२.१ वरून ९२ च्या दिशेला सरकली आणि ७५ वर थांबली. ७२.१ ते ९२ हे अंतर १९.९ आहे आणि टोटल त्यातलं २.९ अंतर चालली आहे. एकूण अंतराचा जितका भाग टोटल सरकली, तितकाच सेमिनारचा वाटा.

```
w = (G - B) / (a - B)
```

इथे G म्हणजे पोर्टलवरची टोटल, B म्हणजे जुनी सरासरी, a म्हणजे सेमिनारचे टक्के आणि w म्हणजे सेमिनारचा वाटा. २.९ भागिले १९.९ म्हणजे ०.१४५७, म्हणजेच १४.६ टक्के.

या सूत्रात एक गृहीतक लपलेलं आहे. सेमिनार आल्यावर बाकीच्या तिघांचा वाटा कमी होणारच, पण त्यांचं आपापसातलं ५:३:२ हे प्रमाण तसंच राहिलं असं आपण धरलंय. ते खरं आहे की नाही, हे एकट्या भाचीच्या गुणांवरून कळायला मार्ग नाही. या मुद्द्याकडे पुढे येतोच.

१४.६ हे उत्तर नाही, तो एका पट्ट्यातला एक बिंदू आहे

कोणी शिक्षक १४.६ टक्के वेटेज ठेवत नाही. म्हणून मुलं लगेच म्हणतात, "मामा, १५च असणार." थोडं थांबावं. पोर्टलने टोटल पूर्णांकात दाखवली आहे. ७५ दिसतात म्हणजे खरी टोटल ७४.५ ते ७५.५ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. दोन्ही टोकं सूत्रात घालून पाहिली तर २.४ भागिले १९.९ म्हणजे १२.१ टक्के आणि ३.४ भागिले १९.९ म्हणजे १७.१ टक्के. भाचीच्या गुणांवरून आपल्याला ठामपणे सांगता येतं ते एवढंच: वाटा १२.१ ते १७.१ टक्क्यांच्या पट्ट्यात आहे.

या पट्ट्यात १५ बसतो हे खरं, पण तो एकटाच बसतो असं नाही. मूडलसारख्या प्रणालीत `Weighted mean of grades` ही पद्धत निवडलेली असेल तर वेटेजची बेरीज १०० व्हायलाच हवी अशी सक्ती नसते. जी काही बेरीज होईल तिने प्रणाली भागते. गूगल क्लासरूममध्ये तसं नाही, तिथे प्रकारांच्या वेटेजची बेरीज १०० झालीच पाहिजे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, की पोर्टल कुठलं आहे. भाचीच्या कॉलेजात मूडल आहे. तिथे आधीच्या ५०, ३०, २० ला हात न लावता मॅडमनी सेमिनारच्या रकान्यात नुसते २० टाकले असतील, तर बेरीज १२० होते आणि सेमिनारचा वाटा २० भागिले १२०, म्हणजे १६.७ टक्के. १५ टाकले असतील तर वाटा १५ भागिले ११५, म्हणजे १३ टक्के.

या तिन्ही शक्यता भाचीच्या गुणांवर चालवून बघा. खरा वाटा १५ टक्के असेल तर टोटल ७५.०९ येते. रकान्यात २० असतील तर ७५.४२ आणि १५ असतील तर ७४.७०. पूर्णांकात तिन्ही ७५च. म्हणजे एकटीच्या गुणपत्रिकेवरून या तिघांतला खरा कोणता हे कळणारच नाही, कितीही दशांश काढले तरी.

रकान्यात टाकलेला आकडा आणि प्रत्यक्ष वाटा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मनाशी पक्कं धरा. बेरीज १०० असते तोवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. सूत्रातून निघतो तो वाटा. रकान्यातला आकडा हवा असेल तर वाट्याला (१ वजा वाटा) ने भागून १०० ने गुणायचं, अर्थात बाकीच्यांची बेरीज १०० असेल तरच.

दुसरा विद्यार्थी कसा निवडायचा

इथे बहुतेक मुलं चुकीचा सोबती निवडतात. आपल्यासारखेच गुण असलेली मैत्रीण घेतात, आणि मग तिच्याकडूनही तीच माहिती पुन्हा मिळते. हवा असतो तो असा कोणी, ज्याचा सेमिनार बाकीच्या गुणांपासून खूप लांब पडलाय. चांगला की वाईट याने काही बिघडत नाही. कारण पट्ट्याची अर्धी रुंदी म्हणजे ०.५ भागिले a आणि B मधलं अंतर. अंतर जितकं मोठं, पट्टा तितका अरुंद.

भाचीची एक मैत्रीण वर्गात हुशार, पण सेमिनारच्या दिवशी तापाने फणफणलेली होती. टेस्ट ८०, असाइनमेंट ९०, प्रॅक्टिकल ७५, सेमिनार ५० पैकी २०, म्हणजे ४० टक्के. तिची जुनी सरासरी ४० अधिक २७ अधिक १५, म्हणजे ८२. पोर्टलवर ७५. टोटल ८२ वरून ७ ने खाली आली आणि सेमिनारपर्यंतचं अंतर आहे ४२. वाटा १६.७ टक्के. दोन टोकं घेतली तर ६.५ भागिले ४२ म्हणजे १५.५ टक्के आणि ७.५ भागिले ४२ म्हणजे १७.९ टक्के.

आता दोघींचे पट्टे एकमेकांवर ठेवा. भाचीचा १२.१ ते १७.१, मैत्रिणीचा १५.५ ते १७.९. दोघींना एकच नियम लागला असेल तर खरा वाटा दोन्ही पट्ट्यांत बसायला हवा, म्हणजे १५.५ ते १७.१. मघाचा लाडका १५ टक्के इथे बाद झाला. तो खरा असता तर मैत्रिणीची टोटल ७५.७ होऊन पोर्टलवर ७६ दिसले असते. रकान्यात १५ असते तर ७६.५ होऊन ७७ दिसले असते. रकान्यात २० धरले तर तिची टोटल बरोबर ७५ येते.

या मैत्रिणीमुळे आणखी एक शंका फिटली. काही मुलांना वाटत होतं की सेमिनार म्हणजे बोनस, बाकीच्यात नुसता वरून मिळवलेला. भाचीच्या आकड्यांत ते खपूनही जातं, कारण तिची टोटल वाढलीच आहे. पण बोनसने कुणाची टोटल कमी होत नाही, आणि मैत्रिणीची ८२ वरून ७५ वर आली. सेमिनार चांगला गेलेली दहा मुलं गोळा केली असती तरी हे सिद्ध झालं नसतं.

पट्टे एकमेकांना भेटतच नसतील तर

माझ्या मते या सगळ्या हिशोबातली सगळ्यात उपयोगी खूण हीच. दोन विद्यार्थ्यांचे पट्टे कुठेच एकमेकांवर येत नसतील, तर वेटेज वेगवेगळं लावलंय असं लगेच मानू नका. आपण धरलेली मांडणीच चुकलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

भाचीचा आग्रह होता की मॅडमनी टेस्टचेच टक्के कापून सेमिनारला दिले असणार, कारण वर्गात तसं बोलणं झालं होतं. ठीक आहे, तेही तपासता येतं. या मांडणीत असाइनमेंट ३० आणि प्रॅक्टिकल २० तसेच राहतात, आणि सेमिनारला w दिलं की टेस्टला ०.५० वजा w उरतात. मग टोटल म्हणजे जुनी सरासरी अधिक w गुणिले (सेमिनार वजा टेस्ट). भाचीसाठी सेमिनार वजा टेस्ट म्हणजे ३०. टोटल २.४ ते ३.४ ने वाढली आहे, म्हणून w येतो ८ ते ११.३ टक्के. मध्ये १० टक्के छान बसतो आणि तिला वाटलं, सापडलं! पण मैत्रिणीसाठी सेमिनार वजा टेस्ट म्हणजे उणे ४०, टोटल ६.५ ते ७.५ ने घटलेली, म्हणून w येतो १६.३ ते १८.८ टक्के. एकीकडे फार तर ११.३, दुसरीकडे कमीत कमी १६.३. दोन्हींत बसणारा एकही आकडा नाही. ही मांडणी गेली.

एकाच विद्यार्थ्याला लावलेली कुठलीही मांडणी काही ना काही w देतेच, कारण एक समीकरण आणि एक अज्ञात असलं की उत्तर निघतंच. ते निघालं म्हणून मांडणी बरोबर ठरत नाही. ती ठरते दुसऱ्या विद्यार्थ्याच्या गुणांवर.

३७.५ टक्के कुठून आले

तिसरा मुलगा सगळ्यात चिडलेला होता, कारण त्याच्या हिशोबाने सेमिनारला एक तृतीयांशाहून जास्त वजन होतं. टेस्ट ७०, असाइनमेंट ८८, प्रॅक्टिकल ८०. जुनी सरासरी ३५ अधिक २६.४ अधिक १६, म्हणजे ७७.४. सेमिनार ५० पैकी साडेएकोणचाळीस, म्हणजे ७९ टक्के. टोटल ७८. वाटा म्हणजे ०.६ भागिले १.६, म्हणजे ३७.५ टक्के.

त्याचं गणित बरोबर आहे, पण भागाकाराच्या खालचा आकडा बघा: १.६. जुनी सरासरी आणि सेमिनार जवळजवळ सारखेच असल्यामुळे सेमिनारला काहीही वजन दिलं तरी त्याची टोटल फारशी हलणार नाही. उलट दिशेने पाहिलं तर टोटलमधल्या अर्ध्या गुणाच्या फरकाने वाटा प्रचंड हलतो. ७७.५ धरले तर ०.१ भागिले १.६, म्हणजे ६.३ टक्के. ७८.५ धरले तर १.१ भागिले १.६, म्हणजे ६८.८ टक्के. पट्टा ६.३ ते ६८.८! आपला १५.५ ते १७.१ त्यात निवांत बसतो. वाटा १६.७ टक्के धरला तर त्याची टोटल ७७.६७, म्हणजे पोर्टलवर ७८च.

माझा नियम असा: a आणि B मधलं अंतर १० पेक्षा कमी असेल तर त्या विद्यार्थ्याच्या गुणांवरून वाटा काढायला बसू नका, कारण पट्टा दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांहून जास्त पसरतो. अशा विद्यार्थ्याचा उपयोग वेगळ्या कामाला होतो. समजा कुणी शंका काढली, की पोर्टल जवळच्या पूर्णांकात आणत नसेल, दशांश नुसते कापत असेल तर? तसं असेल तर ७५ म्हणजे ७५.० ते ७५.९९. भाचीचा पट्टा मग १४.६ ते १९.६ होतो, मैत्रिणीचा १४.३ ते १६.७, आणि बाद केलेला १५ टक्के परत आत येतो. ही शंका रास्त आहे, आणि ती सोडवली या तिसऱ्या मुलाने. दशांश कापून ७८ दिसायला त्याची खरी टोटल निदान ७८ हवी. त्यासाठी वाटा निदान ३७.५ टक्के लागतो, आणि तो भाचीच्या पट्ट्यात बसत नाही. म्हणजे पोर्टल दशांश कापत नाही, जवळच्या पूर्णांकात आणतं.

१९९ टक्के, किंवा उणे उत्तर

वाटा शून्याच्या खाली किंवा शंभराच्या वर आला, तर त्याचा अर्थ एकच: टोटल ही जुनी सरासरी आणि सेमिनार यांच्या मधे नाही. वेटेज कितीही असो, सरासरी त्या दोघांच्या मधेच पडायला हवी. तेव्हा वेटेजचा विचार सोडा आणि a किंवा B मधला कुठला आकडा पोर्टल वेगळा धरतंय ते शोधा.

चौथ्या मुलाने एक असाइनमेंट दिलीच नव्हती. २० गुणांच्या तीन असाइनमेंट. त्याला १८ आणि १७, तिसऱ्याच्या जागी नुसती आडवी रेघ. त्याने ४० पैकी ३५ धरले, म्हणजे ८७.५ टक्के. टेस्ट ६६, प्रॅक्टिकल ७४, सेमिनार ७०. जुनी सरासरी ३३ अधिक २६.२५ अधिक १४.८, म्हणजे ७४.०५. टोटल मात्र ६६. आता ७४.०५ आणि ७० यांच्या मधे ६६ येणारच कसे? सूत्राने इमानदारीने १९९ टक्के सांगितले.

मूडलमध्ये `Exclude empty grades` असा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर कोरी जागा हिशोबात धरत नाहीत. बंद असेल तर कोऱ्या जागेला शून्य धरतात. इथे तो बंद असावा असं मानून पुन्हा बघू. ६० पैकी ३५, म्हणजे ५८.३३ टक्के. जुनी सरासरी ३३ अधिक १७.५ अधिक १४.८, म्हणजे ६५.३. आता ६५.३ आणि ७० यांच्या मधे ६६ व्यवस्थित बसतात. वाटा ०.७ भागिले ४.७, म्हणजे १४.९ टक्के, पट्टा ४.३ ते २५.५. रुंद आहे, पण आपल्या १५.५ ते १७.१ शी भांडत नाही. त्या मुलाला वेटेजपेक्षा महत्त्वाची गोष्ट इथे कळली, की न दिलेल्या असाइनमेंटचं शून्य आधीच टोटलमध्ये जमा आहे.

असंच तीन टेस्टपैकी उत्तम दोन धरण्याबाबतही होतं. कॉलेज सगळ्यात कमी गुणांची टेस्ट सोडतं आणि मुलं तिन्हींची सरासरी घेतात. तसंच प्रकाराच्या आत गुणांची बेरीज करून टक्के काढलेत की प्रत्येक असाइनमेंटचे टक्के काढून त्यांची सरासरी घेतलीय, हेही पाहावं. सगळ्या असाइनमेंट सारख्याच गुणांच्या असतील तर दोन्हींचं उत्तर एकच येतं. एक १० ची आणि एक ५० ची असेल तर येत नाही. शक्य तिथे पोर्टलवरचे पूर्णांकातले टक्के घेऊ नका. मूळ गुणांवरून टक्के स्वतः काढा, नाहीतर टोटलच्या अर्ध्या गुणात या प्रत्येक आकड्याचा अर्धा गुण मिसळतो आणि पट्टे दिसतात त्याहून रुंद होतात.

शीटमध्ये

चौघांचे आकडे शीटमध्ये असे मांडले. A ते D मध्ये टेस्ट, असाइनमेंट, प्रॅक्टिकल, सेमिनार, आणि E मध्ये पोर्टलवरची टोटल. F मध्ये जुनी सरासरी, G आणि H मध्ये पट्ट्याची दोन टोकं.

```
F2: =(A2*50+B2*30+C2*20)/100
G2: =MIN((E2-0.5-F2)/(D2-F2),(E2+0.5-F2)/(D2-F2))
H2: =MAX((E2-0.5-F2)/(D2-F2),(E2+0.5-F2)/(D2-F2))
G7: =MAX(G2:G5)
H7: =MIN(H2:H5)
```

`MIN` आणि `MAX` लावायचं कारण असं, की सेमिनार जुन्या सरासरीच्या खाली असला की टोकांची अदलाबदल होते. G7 आणि H7 मध्ये सगळ्यांना सामाईक असलेला पट्टा मिळतो. इथे ०.१५५ आणि ०.१७१ आले. G7 हा H7 पेक्षा मोठा निघाला तर मांडणी चुकली किंवा कुणाची तरी कोरी जागा वेगळी धरली गेली. D आणि F अगदी सारखे असतील तर शून्याने भाग जाऊन शीट चूक दाखवते. ती ओळ सरळ काढून टाका.

१५.५ ते १७.१ हा वाटा रकान्यातल्या आकड्यात बदलला तर १८.३ ते २०.६ होतो. गणित आपल्याला इथवरच आणतं. या पट्ट्यात १९ ही आहे, आणि वाटा म्हणून १६ किंवा १७ टक्केही आहेत. त्यातून २० निवडणं हा आपला अंदाज, कारण माणसं रकान्यात १९ लिहीत नाहीत. तो पक्का करायचा तर दोन मार्ग आहेत. मूडलच्या यूजर रिपोर्टमध्ये `Calculated weight` नावाचा स्तंभ असतो, शिक्षकांनी तो दाखवायला ठेवला असेल तर सगळा शोध एका नजरेत संपतो. भाचीला तो दिसत नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे टोटल दोन दशांशांपर्यंत दाखवायची विनंती करणं. भाचीची टोटल ७५.४२ अशी दिसली असती तर ३.३२ भागिले १९.९ म्हणजे १६.६८ टक्के, आणि चूक फार तर ०.०३ टक्क्याची. मग दुसऱ्या कुणाची गरजच उरली नसती.

मॅडमना पत्र लिहिताना "वेटेज किती आहे?" असं मोघम विचारू नका म्हटलं. हिशोब सोबत जोडा आणि नेमकं विचारा. भाचीने लिहिलं: "सेमिनारच्या रकान्यात २० आणि बाकीचे ५०, ३०, २० तसेच, अशी एकूण १२० असावी असं चौघांच्या गुणांवरून दिसतं. हे बरोबर आहे का?" असं विचारलं की समोरच्याला रकाना उघडून हो किंवा नाही म्हणणं सोपं जातं, आणि गुणांबद्दलची तक्रार आहे असाही सूर लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, रकान्यात २० च होते. मॅडमच्या मनात सेमिनारला २० टक्के द्यायचे होते, आणि २० लिहिले की २० टक्के झाले असं त्या धरून चालल्या होत्या. बाकीच्यांना हात न लावता खरोखर २० टक्के द्यायचे तर रकान्यात २५ हवेत, कारण २५ भागिले १२५ म्हणजे २० टक्के. त्यांनी तसा बदल केला. भाचीची टोटल ७६.०८ होऊन ७६ झाली. तिसऱ्याची ७८ आणि चौथ्याची ६६ जिथल्या तिथे राहिली. तापात सेमिनार दिलेल्या मैत्रिणीची मात्र ७३.६ होऊन ७५ वरून ७४ झाली. तिच्या सेमिनारची तारीख पुन्हा मिळावी म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्रासह वेगळा अर्ज आता दोघींनी मिळून केला आहे.